मंदीत किंमत पाडण्याआधी: ब्रँडच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी घरगुती उपकरणांच्या ब्रँडचं काम करते. मंदीची चाहूल लागली की या धंद्यात पहिला फोन डीलरचा येतो. “मॅडम, गिऱ्हाईक किंमत विचारून परत जातंय. तीनशे रुपये कमी करा, माल हलेल.” दुसरा फोन सेल्सच्या माणसाचा, तोही हेच सांगतो. नव्या मुलामुलींवर या दोन फोनचं दडपण फार येतं, म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्या.

समजा, मिक्सर आपण डीलरला ३,००० रुपयांना देतो आणि तो बनवून पोचवायला २,१०० रुपये लागतात. म्हणजे नगामागे ९०० रुपये उरतात. किंमत ३०० ने उतरवली की ६०० उरतील. आधी हजार मिक्सर विकून जे नऊ लाख हाती येत, तेच आता मिळवायला दीड हजार विकावे लागतील. दहा टक्के किंमत कमी, तर पन्नास टक्के विक्री जास्त, आणि तीही बाजार आखडलेला असताना! शिवाय ज्या डीलरच्या गोदामात जुन्या भावाचा माल पडलाय तो फरक मागणार, आणि तो द्यावाच लागतो. हा खर्च पहिल्या हिशेबात कुणी धरत नाही.

आता खरा प्रश्न: गिऱ्हाईक परत का जातंय? यासाठी काउंटरवर जाऊन उभं राहायचं. मी एका दुकानात अशी बसले होते. बायका किंमत विचारत होत्या, पण घासाघीस करून झाल्यावर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट निघत होती: “मोटर जळली तर?” घरात पगाराची खात्री नसली की माणूस दुरुस्तीच्या अचानक खर्चाला घाबरतो. तीनशे रुपयांची सूट त्या भीतीला उत्तरच देत नाही.

याचं मला माहीत असलेलं सर्वात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या ह्युंदाईचं आहे. तिथे या गाड्यांना ‘स्वस्त म्हणून तकलादू’ असा शिक्का बसला होता. तो पुसायला कंपनीने १९९८ मध्ये इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षांची वॉरंटी दिली. ‘आमच्यावर निर्धास्त राहा’ ही लोकांच्या मनातली जागा त्यांनी दहा वर्षं खपून कमावली. २००८ च्या अखेरीस अमेरिकेत लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. ज्यांच्याकडे पैसे होते तेही गाडी घेईनात, कारण उद्या नोकरी गेली तर हप्ते कुठून भरायचे? जानेवारी २००९ मध्ये ह्युंदाईने जाहीर केलं: गाडी घेतल्यापासून वर्षभरात तुमचं उत्पन्न थांबलं तर गाडी परत करा, कर्ज आणि गाडीची उरलेली किंमत यांतली तफावत ७,५०० डॉलरपर्यंत आम्ही सोसू. त्या वर्षी तिथला एकूण गाड्यांचा बाजार साधारण २१ टक्क्यांनी घसरला आणि ह्युंदाईची विक्री ८ टक्क्यांनी वाढली. परत आलेल्या गाड्या फारच थोड्या. जुनी गाडी मोडीत काढण्याच्या सरकारी योजनेचाही त्यांना हातभार लागला, हे खरं. पण मला यात मोलाचं वाटतं ते हे की २००९ चा शब्द १९९८ च्या शब्दाचाच पुढचा भाग होता. म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसला.

आमच्या मिक्सरला हेच लावून पाहा. मोटरची वॉरंटी दोनवरून पाच वर्षं केली आणि त्या जादा तीन वर्षांत शंभरातल्या पाच मोटरी बदलाव्या लागल्या, मोटर बदलण्याचा खर्च ७०० रुपये, तर नगामागे पडले ३५ रुपये. ३०० च्या जागी ३५. आणि ‘टिकाऊ’ हे जे आपण इतकी वर्षं सांगत आलो, तेच अधिक ठामपणे सांगितलं जातं. मात्र सर्व्हिस सेंटरचे मागचे आकडे काढल्याशिवाय हे वचन देऊ नका. शंभरात पंचवीस मोटरी परत येत असतील तर आधी मोटर सुधारा.

दुसरी मर्यादा अशी की कधी गिऱ्हाइकाकडे खरोखरच पैसे नसतात. काउंटरवर ते लगेच कळतं: माणूस वॉरंटीबद्दल विचारतच नाही, सरळ सर्वांत स्वस्त मॉडेलकडे बोट दाखवतो. अशा वेळी वेगळ्या नावाने साधा माल आणणं बरं. निरमाने स्वस्त पावडरीचा बाजार काबीज केला तेव्हा हिंदुस्तान लिव्हरने सर्फला त्या भावापर्यंत खाली ओढलं नाही, ‘व्हील’ आणलं. मंदीचा प्रसंग नव्हता तो, पण सर्फची जागा त्यामुळे शाबूत राहिली.

निर्णय झाल्यावर महिनाभर एकाच आकड्यावर डोळा ठेवा: डीलरने आपल्याकडून उचललेला माल नाही, दुकानातून गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला माल. सूट दिली की पहिला आकडा लगेच फुगतो आणि सेल्समध्ये पेढे वाटले जातात. दुसरा तिथेच असेल तर माल फक्त आपल्या गोदामातून त्यांच्या गोदामात गेलाय. वॉरंटी कार्डांची नोंदणी दर आठवड्याला मोजली की हा फरक दिसतो.