पोटॅशियम कमी, मॅग्नेशियम कमी, बीपी नॉर्मल: गिटेलमन सिंड्रोममध्ये या चुका टाळा

विशी-तिशीतला पेशंट. पायात गोळे येतात, बोटांना मुंग्या येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. पोटॅशियम २.४ येतं. मग एक सलाईन, एक सिरप, "नारळपाणी प्या, केळी खा" आणि घरी. दोन महिन्यांनी तोच पेशंट, तोच आकडा. हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता लिहायलाच हवं.

गिटेलमन सिंड्रोमचं पहिलं वर्णन १९६६ चं. मूत्रपिंडाच्या नलिकेत मीठ परत शोषून घेणारा एक वाहक असतो, SLC12A3 या जनुकावरून तयार होणारा. आई-वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली की तो नीट चालत नाही. मीठ लघवीतून जातं. ते वाचवायला शरीर अल्डोस्टेरॉन वाढवतं आणि त्यात पोटॅशियम वाहून जातं. मॅग्नेशियमही जातं. मीठच टिकत नसल्यामुळे बीपी चढत नाही, उलट बरेचदा कमीच असतं.

सर्वांत जास्त संताप आणणारी चूक म्हणजे लघवी न तपासताच पेशंटला खोटारडं ठरवणं. २४ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा आधीच्या कागदांवर "वजन कमी करण्यासाठी उलट्या करत असावी" असा शेरा होता. बारीक अंगाची तरुण मुलगी, एवढाच पुरावा. आई माझ्यासमोर रडायला लागली, "डॉक्टर, ती खोटं नाही हो बोलत. रात्री उठून मीठ चाटते, एवढंच मी पाहिलंय." त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं, पण आधी कुणी तिला विचारलंच नव्हतं.

बीपी १००/६४, पोटॅशियम २.४, बायकार्बोनेट ३१. सलाईन लावण्याआधी लघवीचा एकच नमुना घेतला: पोटॅशियम ४८, क्लोराइड ११०, क्रिएटिनिन ६०, कॅल्शियम २. आता वाचा. रक्तात पोटॅशियम इतकं कमी असताना निरोगी मूत्रपिंड ते घट्ट धरून ठेवतं, लघवीत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे १३ पेक्षा कमी सोडतं. इथे हिशेब ८० येतो. सतत उलट्या होत असतील तर लघवीतलं क्लोराइड सहसा २० च्या खाली जातं. इथे ते ११०. आणि कॅल्शियम भागिले क्रिएटिनिन ०.०३, म्हणजे खूपच कमी. ही गिटेलमनची खूण आहे. बार्टर सिंड्रोममध्ये लघवीतलं कॅल्शियम सहसा नॉर्मल किंवा जास्त असतं.

एक पळवाट मात्र बंद करावी लागते. थायझाइड गोळ्या याच वाहकाला अडवतात, त्यामुळे चित्र हुबेहूब असंच दिसतं. म्हणून मी गोळ्यांबद्दल आरोपाचा सूर न लावता विचारतो आणि लघवीची तपासणी वेगळ्या दिवशी पुन्हा करतो. गोळीचा असर उतरला की क्लोराइड खाली येतं, गिटेलमनमध्ये वरच राहतं. शंका उरली तर लघवीत औषध शोधायचं. पक्कं निदान जनुकीय चाचणीने होतं. नमुना मात्र सलाईनच्या आधीचाच हवा. ड्रिप चालू झाल्यावर घेतलेल्या आकड्यांवर मी विसंबत नाही.

दुसरी मोठी चूक मॅग्नेशियमची. या मुलीचं मॅग्नेशियम १.१ होतं, आणि आधीच्या एकाही रिपोर्टमध्ये ते तपासलेलं नव्हतं. पेशीत मॅग्नेशियम कमी पडलं की नलिकेतली पोटॅशियमची वाट उघडीच राहते. वरून ओतलेलं खालून जातं. "सिरप देऊनही वाढत नाही, म्हणजे ती घेतच नसणार" हा निष्कर्ष बहुतेकदा इथूनच निघतो. मी दोन्ही एकत्र सुरू करतो. मॅग्नेशियम दिवसातून तीन-चार वेळा जेवणासोबत, थोडंथोडं. घाई करून एकदम मोठा डोस दिला की जुलाब लागतात आणि त्यातून उरलंसुरलंही जातं.

पोटॅशियम क्लोराइडच द्या. सायट्रेटने आधीच वाढलेलं बायकार्बोनेट आणखी चढतं. डेक्स्ट्रोजच्या बाटलीत पोटॅशियम घालू नका, इन्सुलिनमुळे ते पेशीत शिरून रक्तातलं अजून खाली जातं. मीठ कमी करायला तर अजिबात सांगू नका. लोणचं, पापड, मीठ घातलेलं ताक खाऊ द्या. अल्डोस्टेरॉन वाढलेलं दिसलं म्हणून अॅड्रिनलचा सीटी स्कॅन करायला धावू नका, कॉन सिंड्रोममध्ये बीपी चढलेलं असतं आणि रेनिन दबलेलं.

रिपोर्ट नॉर्मल करण्याचा हट्टही सोडा. पोटॅशियम ३ आणि मॅग्नेशियम दीडच्या आसपास टिकलं, त्रास थांबला, तर मी तिथेच थांबतो. त्यापुढे डोस वाढवत गेलं की पोटाचा त्रास सुरू होतो आणि पेशंट औषधच सोडतो. जमत नसेल तर अमिलोराइड किंवा स्पायरोनोलॅक्टोन जोडता येतं, पण त्याने मीठ आणखी जातं, म्हणून आधी उभं राहून बीपी पाहायचं.

उलट्या-जुलाब लागले की या पेशंटने घरी थांबायचं नाही. आणि दवाखान्यात ऑन्डान्सेट्रॉन किंवा अॅझिथ्रोमायसिन देण्याआधी ईसीजी काढून क्यूटी पाहायचा.