जुन्या गाडीच्या एका क्लेमने मला विम्याची तीन तत्त्वं शिकवली

एजंटची परीक्षा देणाऱ्या नवीन मुलामुलींसाठी लिहितोय. परम सद्भाव, विमा हितसंबंध, नुकसानभरपाई या व्याख्या तुम्हाला पाठ असणार, मलाही होत्या. क्वेश्चन बँक घोकून पास झालो, आणि पहिल्याच वर्षी एका काकांचं नुकसान माझ्या चुकीच्या सल्ल्यामुळे झालं, ते अजून सलतं.

काकांनी ओळखीच्याकडून चार वर्षं जुनी कार घेतली. आरसी नावावर झाली, पॉलिसी मात्र जुन्या मालकाच्याच नावावर, सात महिने बाकी. त्यांनी विचारलं इन्शुरन्सचं काय करायचं, मी म्हणालो, "काका, इन्शुरन्स गाडीबरोबर येतो, रिन्यूअलला नाव बदलू." दीड महिन्याने गाडी डिव्हायडरला धडकली आणि क्लेम नाकारला गेला.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथेच मी फसलो. मोटर व्हेइकल्स अॅक्टचं कलम 157 सांगतं की गाडी विकली की पॉलिसी नवीन मालकाकडे आपोआप गेली असं मानायचं. मी तेवढंच वाचलं होतं. पण ते थर्ड पार्टीपुरतं आहे, म्हणजे काकांच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली असती तर कंपनीला द्यावंच लागलं असतं. गाडीचं स्वतःचं नुकसान हा कंपनी आणि पॉलिसीवर नाव असलेल्या माणसातला करार, तो गाडीच्या मागे फिरत नाही. सुप्रीम कोर्टाने कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या केसमध्ये 1995 सालीच हे सांगितलंय. म्हणजे बघा, जुन्या मालकाकडे पॉलिसी आहे पण गाडी विकून पैसे घेतले, त्याचं काहीच बुडालं नाही, त्याचा हितसंबंध संपला. काकांचा हितसंबंध शंभर टक्के, पण कंपनीशी करारच नाही. दोघांपैकी कुणालाच रुपया मिळत नाही.

म्हणून "हितसंबंध आहे का" एवढंच विचारू नका, "कधी असायला हवा" हेही विचारा. गाडी आणि आगीच्या विम्यात पॉलिसी घेतानाही आणि नुकसान होतानाही. आयुर्विम्यात फक्त पॉलिसी घेताना, बायकोने नवऱ्यावर पॉलिसी काढली आणि पुढे घटस्फोट झाला तरी ती चालूच राहते. मरीनमध्ये नुकसानीच्या वेळी असला म्हणजे झालं. परीक्षेत हे हमखास फिरवून विचारतात.

उपाय अवघड नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. गाडी हस्तांतरित झाल्यापासून 14 दिवसांच्या आत विकत घेणाऱ्याने कंपनीला लेखी अर्ज द्यायचा, सोबत जुन्या मालकाची संमती, आरसीचे कागद आणि ट्रान्सफर फी. अर्जाची पोच घ्या. फोनवर कळवलं म्हणजे कळवलं असं धरू नका.

परम सद्भाव, म्हणजे कंपनीपासून काही न लपवता खरं ते सांगणं, तोही याच गाडीत दिसतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाला 35 टक्के सूट होती म्हणून ती काकांना मिळत नाही, पॉलिसी ट्रान्सफर करताना उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागतो. मला एका सिनियरने शिकवलं होतं, फॉर्म आपणच भरायचा, गिऱ्हाईकाची फक्त सही घ्यायची. असे सिनियर टाळा, अगदी स्पष्ट सांगतो. गेल्या वर्षी क्लेम घेतलेला असताना तुम्ही "नाही" वर टिक केलं तर कंपनी आधीच्या कंपनीकडून खात्री करून घेते, मग गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो आणि सही असते गिऱ्हाईकाची. प्रत्येक प्रश्न त्यांना वाचून दाखवा, दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

समजा काकांनी पॉलिसी वेळेत ट्रान्सफर केली असती, तरी पूर्ण बिल मिळालं नसतं, आणि हे आधीच सांगून ठेवा नाहीतर क्लेम पास होऊनही भांडण होतं. नुकसानभरपाई म्हणजे नुकसानीआधी होतात तिथे आणून सोडणं, जुन्याच्या जागी नवं फुकट देणं नाही. त्यांचं बिल साधारण असं होतं: प्लॅस्टिकचा बंपर 8,000, बॉनेट 10,000, पुढची काच 6,000, मजुरी 5,000, एकूण 29,000. प्लॅस्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणून मिळणार 4,000. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर 35 टक्के, म्हणून मिळणार 6,500. काचेवर आणि मजुरीवर घसारा नाही. झाले 21,500, त्यातून छोट्या गाडीच्या प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सक्तीने स्वतः सोसायचे 1,000 वजा, हातात 20,500. झिरो डेप असेल तर घसारा वाचतो, ते 1,000 तरीही जातात.

तत्त्वं लगेच डोक्यात बसत नाहीत, मलाही वेळ लागला, घाबरू नका. मी आता जुनी गाडी घेतलेला कुणीही भेटला की आधी आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून दोन्हीवरचं नाव वाचतो, आणि नाव वेगळं दिसलं तर त्याच दिवशी अर्ज लिहायला बसतो.