हँडल नुसतंच गरगर फिरतंय? आधी बारका स्क्रू बघा
दाराचं हँडल फिरतं पण लॅच जागचा हलत नाही, तर लगेच अख्खं लॉक बदलायला जाऊ नका. हँडलच्या मानेवर खालच्या बाजूला बघा, एक बिनडोक्याचा बारका स्क्रू आत रुतलेला असतो, तो बहुतेक वेळा ॲलन कीने फिरतो. तो ढिला झाला की हँडल आतल्या चौकोनी दांडीला धरतच नाही. दार उघडं ठेवून काम करा हां, नाहीतर आतच अडकाल.

स्क्रू घट्ट करूनही आठवड्याभरात परत तेच झालं तर हँडल ओढून काढा आणि दांडीच्या कडांवरून बोट फिरवा. आमच्याकडे कडा चक्क गोल झाल्या होत्या, मग कितीही आवळा, उपयोग शून्य. नवी दांडी घेताना जुनी सोबत न्या, कारण ७ आणि ८ मिमी डोळ्यांना सारखीच वाटते, आणि ८ च्या भोकात ७ ची घातली की हँडल डुगडुगतं. लांब असेल तर हॅकसॉने कापा. स्क्रू दांडीच्या सपाट बाजूवर टेकला पाहिजे, कडेवर नाही. दांडी नवी घालूनही ती फिरते आणि लॅच ढिम्म, तर मात्र लॉकच आतून गेलंय.