इंजिन ऑइल निवडताना किलोमीटरमागचा खर्च चुकतो कुठे? या चुका टाळा

मिनरल, सेमी-सिंथेटिक आणि फुल्ली सिंथेटिक या तीन प्रकारांची तुलना बहुतेक वेळा डब्यावरच्या किमतीपाशी थांबते, आणि पहिली चूक तिथेच होते. ऑइल बदलताना नवा फिल्टर लागतो आणि मजुरीही द्यावी लागते. हा खर्च ऑइल स्वस्त असो वा महाग, दर खेपेला तेवढाच येतो. म्हणून हिशेब लिटरचा न करता एका संपूर्ण बदलाचा करावा आणि त्याला त्या बदलावर गाडी प्रत्यक्षात जितके किलोमीटर चालली, त्या आकड्याने भागावे.

उदाहरणादाखल चार लिटर ऑइल लागणारे इंजिन घेऊ. मिनरल ऑइलचा लिटरमागे भाव १०० एकक, सेमी-सिंथेटिकचा १६० आणि फुल्ली सिंथेटिकचा २५० धरू. फिल्टर व मजुरी मिळून २०० एकक. हे भाव केवळ हिशेबासाठी आहेत, त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. एका बदलाचा खर्च अनुक्रमे ६००, ८४० आणि १,२०० एकक होतो. मिनरल ५,००० किलोमीटरला, सेमी-सिंथेटिक ७,५०० ला आणि फुल्ली सिंथेटिक १०,००० ला बदलले, तर दर १०० किलोमीटरला अनुक्रमे १२, ११.२ आणि १२ एकक खर्च येतो. लिटरमागे अडीचपट महाग असलेले ऑइल किलोमीटरमागे मिनरलच्या बरोबरीला येते, ते दुप्पट अंतर चालल्यामुळे आणि फिल्टर-मजुरीचा खर्च निम्म्या वेळाच करावा लागल्यामुळे.

मात्र ही बरोबरी गाडी तेवढी धावली तरच खरी ठरते. वाहनाच्या मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत मुदतही दिलेली असते आणि दोन्हींपैकी जे आधी पूर्ण होईल ते पाळायचे असते. वर्षाची मुदत असलेली गाडी वर्षभरात ४,००० किलोमीटरच चालत असेल, तर तिन्ही ऑइले वर्षाअखेरीस बदलावीच लागतील. अशा वेळी दर १०० किलोमीटरचा खर्च १५, २१ आणि ३० एकक होतो. म्हणजे फुल्ली सिंथेटिक मिनरलच्या थेट दुप्पट पडते. कमी चालणाऱ्या गाडीत महाग ऑइल घालून बचत होते हा समज त्यामुळे तपासून पाहावा.

याच्या उलट चूक म्हणजे फुल्ली सिंथेटिक घातले म्हणून बदलाचे अंतर मनाने वाढवणे. सिंथेटिक बेस ऑइल उष्णतेत लवकर बिघडत नाही हे खरे, पण त्यात मिसळणारे इंधन, पाणी आणि काजळी यांना त्याने अटकाव होत नाही, आणि आम्ल निष्प्रभ करणारी द्रव्ये तर वापरात संपतच जातात. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणारे इंजिन पुरते तापत नाही. न जळलेले इंधन आणि ओलावा ऑइलमध्ये साचत जातो. डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसणे, ऑइलला इंधनाचा वास येणे, ऑइल भरण्याच्या झाकणाखाली फिकट मलईसारखा थर जमणे, ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसत असतील तर ऑइल कोणतेही असो, ते लवकर बदलावे. तो थर मात्र गाडी लांब चालवूनही जात नसेल, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत नाही ना, याची तपासणी करून घ्यावी.

सगळ्यांत दुर्लक्षित खर्च वरून घालाव्या लागणाऱ्या ऑइलचा. झिजलेले इंजिन दर १,००० किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खात असेल, तर वरच्या उदाहरणातील अंतरे चालताना मिनरलचे अडीच, सेमी-सिंथेटिकचे पावणेचार आणि फुल्ली सिंथेटिकचे पाच लिटर वरून घालावे लागेल. आता दर १०० किलोमीटरला १७, १९.२ आणि २४.५ एकक पडतात आणि बरोबरीचे चित्र साफ मोडते. हा खप मोजण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी, आणि पातळी वरच्या खुणेपर्यंत आणायला किती ऑइल लागले याची किलोमीटरसह नोंद ठेवावी.

सेमी-सिंथेटिकबद्दल एक सावधगिरी सांगायलाच हवी. त्यात सिंथेटिक भाग किमान किती असावा याचे सर्वमान्य बंधन नाही, त्यामुळे दोन डब्यांत बराच फरक असू शकतो. आपल्या हिशेबातील ७,५०० हा आकडा म्हणूनच सर्वांत कच्चा आहे.

शेवटी, हा सगळा हिशेब मॅन्युअलने परवानगी दिलेल्या ऑइलांपुरताच करायचा आहे. ग्रेड आणि दर्जाची श्रेणी आधी जुळली पाहिजे. टर्बो इंजिनाला किंवा ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ग्रेडला उत्पादकाने सिंथेटिकच सांगितले असेल, तर मिनरलचा किलोमीटरमागचा खर्च काढण्यात अर्थ नाही. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल, तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा शेरा आहे ना, हे भाव विचारण्याआधी पाहावे. मोटारीसाठीच्या काही ऑइलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे असा क्लच घसरू लागतो.