चौतीस जणांना शोभेल असा एकच टी-शर्टचा रंग कसा निवडावा

फॅमिली ग्रुपवर ‘कोणता रंग घ्यायचा?’ असं विचारू नका. ज्याला जो रंग आवडतो तो तो सांगणार, मग कोणीतरी ‘काळाच घ्या, सगळ्यांना चालतो’ म्हणणार, आणि रात्री बारापर्यंत नुसते अंगठे येत राहणार. मत घ्यायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी, आणि तेही दोनच रंगांवर. त्याआधीची कामं दोघातिघांनीच उरकावीत.

उदाहरण आमच्याच घरचं घेते. आत्याच्या पंचाहत्तरीला डिसेंबरात सगळे मिळून नागावला जायचं ठरलं. गिरगावातून, डोंबिवलीतून, वसईतून मिळून ३४ माणसं. धाकटा भाचा तीन वर्षांचा आणि सगळ्यात मोठी स्वतः आत्या. कॉलेजच्या ट्रिपला हेच सगळं लागू पडतं, फक्त तिथे वयाचा पसारा कमी असतो, म्हणून एकदोन पायऱ्या सोप्या जातात.

आधी छापणाऱ्याला विचारा, मग घरच्यांना

घरात तासभर वाद घालून ‘लॅव्हेंडर’ ठरवायचं आणि दुकानात कळायचं, की लॅव्हेंडर लहान मुलांच्या साइजमध्ये येतच नाही, हे नेहमीचं आहे. कोरे टी-शर्ट छापणारा स्वतः शिवत नाही, तो तयार माल आणतो. त्यात मोठ्यांच्या मापात रंग भरपूर असतात, मुलांच्या आणि डबल-ट्रिपल एक्सएलच्या मापात मोजके. म्हणून पहिला प्रश्न असा टाका: ‘तीन वर्षांच्या मुलापासून थ्री एक्सएलपर्यंत एकाच रंगात काय काय आहे, आणि सगळं एका लॉटमधलं मिळेल का?’

लॉटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. कापड एका वेळी जेवढं रंगवलं जातं तो एक लॉट. त्याच नावाचा रंग पुढच्या लॉटमध्ये थोडा निळसर किंवा थोडा हिरवट निघू शकतो. हातात एकच टी-शर्ट असताना हे कळत नाही. फोटोत सगळे एका रांगेत उभे राहिले की तिघंचौघं वेगळ्याच घरातून आल्यासारखे दिसतात. त्यामुळे दोनतीन नग जास्तीचे घ्यायचे असतील तर तेही पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या. ‘नंतर मागवू’ म्हटलं की रंग जुळण्याची खात्री नाही.

आमच्या छापणाऱ्याने यादी पाचावर आणली: मरून, नेव्ही ब्लू, मोरपंखी, मोहरीसारखा पिवळा आणि बाटली हिरवा. मोबाइलवर आलेल्या रंगपट्टीवर विसंबू नका. प्रत्येकाच्या स्क्रीनवर तोच रंग वेगळा दिसतो. कापडाचे तुकडे मागा, किंवा प्रत्येक रंगाचा एक नग पाहायला आणा.

पाच चेहरे, एक खिडकी

३४ जणांना बोलावायची गरज नाही. घरातली टोकाची माणसं निवडा: सगळ्यात गोरं कोण, सगळ्यात सावळं कोण, पिवळसर वर्ण कोणाचा, तांबूस कोणाचा, आणि एक पांढऱ्या केसांचं माणूस. या पाचांना जो रंग चालला तो मधल्या सगळ्यांना बहुधा चालतोच.

सकाळी दहा-अकराला खिडकीपाशी बसवा. ऊन थेट अंगावर नको आणि ट्यूबलाइट बंद हवी, कारण घरच्या दिव्याची छटा चेहऱ्यावरही चढते आणि कापडावरही. लिपस्टिक-पावडर नको. टी-शर्ट हनुवटीखाली, अगदी गळ्याला टेकेल असा धरा आणि कापडाकडे न बघता चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांखालची वर्तुळं गडद झाली का? ओठांभोवतीची सावली वाढली का? चेहरा राखेसारखा किंवा कावीळ झाल्यासारखा दिसतो का? एका रंगावर पाचसहा सेकंदच द्या. जास्त वेळ बघत राहिलं की डोळा सरावतो आणि सगळंच बरं वाटायला लागतं.

फोटोही काढा, पण मोबाइल रंग आपल्या मनाने बदलतो. म्हणून प्रत्येक फोटोत एक कोरा पांढरा कागद धरा. एखाद्या फोटोत कागद पिवळा किंवा निळा दिसला तर तो फोटो निकालात धरायचा नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मोहरीच्या पिवळ्याने माझा सावळा भाचा असा काही खुलला, की तो म्हणाला, ‘मावशी, हाच ठरव.’ पण तेच कापड काकूंच्या गळ्याखाली धरल्यावर त्यांचे मिस्टर म्हणाले, ‘अगं, हिला बरं नाहीये का?’ काकूंचा वर्ण पिवळसर गोरा, आणि पिवळ्यापुढे तो नुसता फिका पडला. नेव्हीने गोऱ्यांना शोभा आणली, पण भाचा खिडकीपासून जरा आत सरकला की चेहरा आणि कापड दोन्ही काळवंडत होते. मरूनने सगळ्यांशी जुळवून घेतलं, फक्त तांबूस चेहऱ्याच्या काकांचं नाक आणि गाल जास्तच लाल दिसू लागले. बाटली हिरवा चेहऱ्यांवर चांगला होता. मोरपंखीला पाचांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर तक्रार निघाली नाही.

याला कारण आहे. माणूस गोरा असो की काळासावळा, त्वचेची मूळ छटा नारिंगीच्या घरातली असते. फरक असतो तो मुख्यतः उजळ-गडदपणाचा आणि थोडा पिवळसर-तांबूसपणाचा. रंगचक्रात नारिंगीच्या समोरच्या बाजूला निळा आणि निळा-हिरवा येतो. म्हणून मोरपंखी शेजारी आला की कोणतीही त्वचा त्याच्यापुढे उठून दिसते. मोहरी, बदामी, पीच हे रंग त्वचेच्याच कुळातले, त्यामुळे ते एखाद्याला विलक्षण शोभतात आणि दुसऱ्याच्या अंगावर कापड कुठे संपलं आणि मान कुठे सुरू झाली ते कळत नाही. अर्थात मोरपंखीसुद्धा मध्यम गडद हवा. फार फिका झाला की तो पुदिन्याकडे झुकतो, आणि निऑन पोपटीसारखा भडक घेतला तर उन्हात त्याची झाक खालून हनुवटीवर चढते.

जागा बघा, आणि रस्त्यावर लोक काय समजतील तेही

बाटली हिरवा आम्ही चेहऱ्यासाठी नाही, नागावसाठी कापला. तिथे फोटो निघतात ते किनाऱ्यावर नाहीतर सुरूच्या झाडांपुढे. त्या झाडांपुढे गडद हिरव्यात उभं राहिलं तर नुसती मुंडकी दिसतात. जुलैत माळशेजला निघालेल्या कॉलेजच्या ग्रुपलाही हेच सांगेन, की डोंगर हिरवा असताना हिरवं घालू नका. तिथे मरूनने बहार येते. आपल्या किनाऱ्यावरची वाळू काळपट आणि समुद्र बहुतेक वेळा मातकट राखाडी, त्यामुळे ‘समुद्रापुढे निळं बुडून जाईल’ ही भीती नागावला फारशी खरी नाही.

काही रंग चेहऱ्याला शोभूनही वगळावे लागतात. मंगल प्रसंग असेल तर काळ्याला घरातल्या कोणाचा तरी विरोध असतोच, आणि वाद घालून तो जिंकण्यात अर्थ नाही. भगवा, गडद निळा, हिरवा हे रंग चौतिसांच्या अंगावर एकदम दिसले, त्यातून निवडणुका जवळ असल्या, की बघणारे प्रचाराला निघालेत असं धरून चालतात. भडक लाल किंवा केशरी घालून हॉटेलबाहेर उभं राहिलात तर कोणीतरी येऊन पार्सलचं विचारून जाईल. नेव्हीचं हेच दुखणं आहे: छातीवर छोटं बोधचिन्ह आलं की तो सरळ स्टाफचा गणवेश दिसतो.

पाणी शिंपडून बघा

मुंबई-कोकणात डिसेंबरातही दुपारी घाम येतो. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि हातभर अंतरावरून बघा. मेलांज राखाडी यात सपशेल नापास होतो, आकाशीही. पांढरा घाम लपवतो, पण भिजला की पारदर्शक होतो, म्हणून समुद्रात किंवा धबधब्यात उतरणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आमच्याकडे मोरपंखीच्या दोन छटा आल्या होत्या. फिक्या छटेवर थेंब लांबून दिसत होते, गडदवर जवळ गेल्याशिवाय कळत नव्हते. गडद घेतली.

दुसरी परीक्षा रंग जाण्याची. पांढरा रुमाल ओला करून, पिळून, कापडावर दहाबारा वेळा जोरात घासा. रुमालावर पुसटशी झाक आली तर चालतं. सरळ रंगच उतरला तर तो माल घेऊ नका. भिजलेल्या टी-शर्टचा रंग बाकीच्या कपड्यांना लागणारच.

आता विचारा

आता हातात दोन रंग उरले असतील. आमच्याकडे मोरपंखी आणि मरून होते. आता ग्रुपवर जा, पण ‘कोणता आवडतो?’ असं न विचारता ‘यातला कोणता तुम्ही अंगात घालणारच नाही?’ असं विचारा. आवडीला अंत नसतो. नकार मात्र मोजके येतात आणि खरे असतात. कमी नकारांचा रंग घ्या. मरूनला तीन नकार आले, मोरपंखीला एक, तोही पुतण्याचा: ‘शाळेच्या हाउसचा रंग आहे.’ त्याला तसंच घालायला लावलं.

आत्या टी-शर्ट घालणार नव्हती, हे आधीपासून ठाऊक होतं. इथे मोरपंखीचा आणखी एक फायदा झाला. हा साडीतला जुना रंग, त्यामुळे कपाटात तो असतोच. आत्या आणि मोठ्या काकू मोरपंखी साड्यांत आल्या. छटा तंतोतंत जुळली नाही, पण साड्या असल्यामुळे ते कोणाला खटकलंही नाही.

छपाई एकाच रंगात ठेवा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, आणि इतक्या थोड्या नगांना तो खर्च अंगावर येतो. मोरपंखीवर मळकट पांढरा, म्हणजे मोतिया, उत्तम वाचता येतो. लाल अक्षरं मात्र डोळ्यांसमोर थरथरतात. ऑर्डर देताना कापडाचा मंजूर तुकडा बिलाला स्टेपल करून घ्या आणि दुसरा अर्धा स्वतःकडे ठेवा. माल ताब्यात घेताना सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा टी-शर्ट दुकानाबाहेर, उजेडात शेजारी धरा. लॉट बदललेला असेल तर तो बहुतेक या दोन टोकांनाच सापडतो.