व्हिसामुक्त प्रवेश आणि व्हिसा ऑन अरायव्हल : तिकीट काढण्यापूर्वी खऱ्या अटी कशा तपासाव्यात

‘व्हिसा लागत नाही’ हे वाक्य पुण्यात दिवाळीच्या सहलींचे बेत सुरू झाले की फार सहज उच्चारले जाते. प्रत्यक्षात त्याचे दोन वेगळे अर्थ निघतात. व्हिसामुक्त प्रवेश म्हणजे ठरावीक दिवसांच्या पर्यटनासाठी त्या देशाने व्हिसाची अटच शिथिल केलेली असते. व्हिसा ऑन अरायव्हलमध्ये व्हिसा लागतोच. फक्त तो विमानतळावर उतरल्यावर किंवा काही देशांत आधीच ऑनलाइन, शुल्क भरून मिळतो. दोन्ही प्रकारांत पासपोर्टची मुदत, परतीचे तिकीट, प्रवासापूर्वी भरायचा ऑनलाइन अर्ज अशा अटी उरतातच आणि त्यांची पहिली तपासणी परदेशात नव्हे, तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवर होते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते आणि अनेक देशांत तिला दंडही होतो, त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी शंका आली तर बोर्डिंग पास देत नाही.

एक उदाहरण घेऊन सर्व पायऱ्या पाहू. कोथरूडमधील एक कुटुंब, म्हणजे पती, पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि आजी, १२ नोव्हेंबर २०२६ रोजी बालीला निघणार आहे. स्वस्त पडते म्हणून मुंबई ते क्वालालंपूर हे एक तिकीट आणि क्वालालंपूर ते बाली हे दुसऱ्या कंपनीचे स्वतंत्र तिकीट, असा विचार आहे. १३ तारखेला बालीत पोहोचून २० तारखेला त्याच मार्गाने परतायचे आहे.

पहिली पायरी म्हणजे आपण नेमके कोणकोणत्या देशांत ‘प्रवेश’ करणार आहोत, हे ठरवणे. एकाच तिकिटावर सामान थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जाणार असेल, तर मधल्या देशात इमिग्रेशन ओलांडण्याची गरज सहसा पडत नाही. दोन स्वतंत्र तिकिटे असली की बहुधा सामान बाहेर घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते आणि क्वालालंपूरला टर्मिनल बदलायचे झाले तरी बाहेर पडावे लागते. म्हणजे या कुटुंबाला मलेशियात दोनदा, जाताना आणि येताना, अधिकृत प्रवेश करावा लागेल. मलेशियाने भारतीयांना दिलेली ३० दिवसांची व्हिसामुक्त सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली असल्यामुळे नोव्हेंबरमध्ये ते जमते. हीच सहल जानेवारीवर ढकलली, तर मुदतवाढ झाली आहे का, हे आधी पाहावे लागेल. हाच मार्ग सिंगापूरमधून आखला असता, तर भारतीयांना तेथे व्हिसा लागत असल्याने सगळे गणितच बदलले असते.

दुसरी पायरी पासपोर्टच्या मुदतीची, आणि सर्वाधिक घोटाळे इथेच होतात. इंडोनेशिया व मलेशिया दोन्ही देशांना प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण लहान मुलांचा साधारणपणे पाचच वर्षांचा; घरातील मोठ्यांचे पासपोर्ट पाहून निश्चिंत झालेल्या पालकांच्या हे लक्षातच राहत नाही. या मुलीचा पासपोर्ट २ मे २०२७ रोजी संपतो, तर १३ नोव्हेंबरच्या प्रवेशासाठी तो १३ मे २०२७ पर्यंत हवा, म्हणजे तो अकरा दिवसांनी कमी पडतो. आजींची गोष्ट अधिक फसवी आहे. त्यांचा पासपोर्ट १६ मे २०२७ पर्यंत आहे, त्यामुळे बालीचा प्रवेश होतो. पण २० नोव्हेंबरला परतताना मलेशियात शिरायचे तर २० मेपर्यंतची मुदत हवी. म्हणून सहा महिने निघण्याच्या दिवसापासून नव्हे, तर प्रवासातील शेवटच्या परदेशी प्रवेशाच्या दिवसापासून मोजावेत. दोघींचेही पासपोर्ट आधी नूतनीकरणाला द्यावेत आणि बालीसाठी लागणाऱ्या इंडोनेशियाच्या व्हिसा ऑन अरायव्हलचा ऑनलाइन अर्ज त्यानंतरच करावा, कारण तो व्हिसा पासपोर्ट क्रमांकाला जोडलेला असतो आणि नव्या पासपोर्टवर चालत नाही.

तिसरी पायरी म्हणजे विमान कंपनी जे पाहते, तेच आपण पाहणे. चेक-इनचे कर्मचारी टिमॅटिक नावाच्या माहितीसंचातून अटी वाचतात. तो आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना चालवते. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर प्रवास कागदपत्रे तपासण्याची जी सोय असते, ती त्याच माहितीवर चालते. तेथे नागरिकत्व, पासपोर्टचा प्रकार, मुदत, तारखा आणि मधले थांबे खरे भरावेत. थांबा गाळला तर उत्तर अर्धेच मिळते. पडद्यावर ‘Visa required’ दिसले म्हणून लगेच हिरमुसू नये, तसेच पहिल्या ओळीवर समाधानही मानू नये, कारण खरा मजकूर ‘except for’ नंतरच्या अटींमध्ये असतो.

यानंतर हीच माहिती त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळाशी जुळवून पाहावी. इंडोनेशियाचा ऑनलाइन व्हिसा ऑन अरायव्हल evisa.imigrasi.go.id येथे मिळतो. शोधात वर येणारी दिसायला तशीच खासगी संकेतस्थळे जादा पैसे घेतात, शेवटी go.id आहे का, एवढे पाहिले तरी बहुतेक फसवणूक टळते. शुल्क माणशी पाच लाख रुपिया आहे आणि मुलांनाही ते लागू असल्याने चौघांचे वीस लाख होतात (आकडा मोठा वाटला तरी चलन रुपिया आहे). मुक्काम तीस दिवसांचा मिळतो, त्यात उतरल्याचा दिवस पहिला धरला जातो आणि मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दररोज दहा लाख रुपिया दंड होतो. दोन माहितींत विसंगती आढळली, तर मुंबईतील त्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला ईमेल करून लेखी उत्तर मिळवावे आणि तोवर परतावा न मिळणारे तिकीट काढू नये. ब्लॉग, व्हिडिओ किंवा एजंटचा शब्द येथे पुरावा ठरत नाही. नियम किती झटकन बदलतात, याचे उदाहरण इराणचे : भारतीयांची व्हिसामुक्त सवलत त्या देशाने २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबवली आणि त्याची पूर्वसूचना जेमतेम काही दिवसांची होती.

म्हणूनच तपासणी एकदा करून भागत नाही. ती तिकिटापूर्वी, निघण्याच्या आठवडाभर आधी आणि शेवटच्या तीन दिवसांत करावी. मलेशियाचे डिजिटल अरायव्हल कार्ड आणि इंडोनेशियाचे आगमन घोषणापत्र हे दोन्ही शेवटच्या तीन दिवसांतच भरता येतात आणि त्यासाठी शुल्क नसते. या कुटुंबाला मलेशियाचे कार्ड परतीच्या प्रवेशासाठी पुन्हा, तेही बालीतूनच, भरावे लागेल.

काउंटरवर परतीची दोन्ही तिकिटे, हॉटेलचे आरक्षण, व्हिसाची प्रत आणि दूतावासाचे उत्तर छापील स्वरूपात जवळ ठेवावे. कर्मचाऱ्याने तरीही अडवले, तर वाद न घालता नेमकी कोणती अट पुरी होत नाही, हे विचारावे आणि पर्यवेक्षकाला बोलावून टिमॅटिकमधील नोंद मधल्या थांब्यासह पुन्हा वाचायची विनंती करावी. स्वतंत्र तिकिटांच्या प्रवासात पुढचे तिकीट त्याच्या पडद्यावर दिसत नसते, त्यामुळे ते आपणच दाखवावे लागते.