सहकाऱ्याच्या घरचं कुणी वारलं, तर मेसेजमध्ये काय लिहावं?

ऑफिसच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. तिथे एक ओळ टाकून थांबू नका, वेगळा छोटा मेसेज करा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की मागायचं ओझं त्यांच्यावरच पडतं. त्यापेक्षा एखादं काम उचला, साहेबांशी आधी बोलून घ्या आणि मग लिहा:

‘ताई, बाबांचं कळलं. फार वाईट वाटलं. 20 तारखेचं जीएसटी रिटर्न मी भरतोय, साहेबांना सांगितलंय. तुम्ही घरच्यांसोबत राहा. उत्तर द्यायची गरज नाही.’

‘तेराव्यानंतर भेटू’ असं गृहीत धरून लिहू नका, सगळ्यांकडे तेरावा नसतो. कसे गेले, वय किती, हेही विचारू नका. आणि ‘सुटले बिचारे’ हे घरच्यांनी म्हणावं, आपण नाही.